रीलचे पहिले तीन सेकंद (विश्लेषण)

रील सुरू होताच प्रेक्षक थांबतो की बोट सरकवतो, हे आरंभीचे चित्र, कटांचा वेग आणि कॅप्शन यांवरून पारखण्याची पद्धत. नुसते पुन्हा पुन्हा पाहून हे कळत नाही, कारण डोळा सरावतो. म्हणून ffmpeg या व्हिडिओच्या साधनाने पहिल्या तीन सेकंदांच्या चौकटी, म्हणजे फ्रेम, सुट्या करून एका पानावर मांडतात:

```
ffmpeg -t 3 -i reel.mp4 -vf "fps=10,scale=180:-1,tile=10x3" -frames:v 1 paan.png
```

सेकंदाला दहा याप्रमाणे तीस चौकटी तीन ओळींत येतात. एक ओळ म्हणजे एक सेकंद.

समजा, चतुर्थीच्या तोंडावर म्हापशाच्या बाजारात माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळांनी सजवलेल्या लाकडी चौकटीच्या, सामानावर दोन रील केल्या. पहिलीत बाजाराची कमान, मग निवेदिका, ‘नमस्कार मंडळी’, आणि माटोळीची फळे थेट तिसऱ्या ओळीत. दुसरीत पहिल्याच चौकटीत एक हात माटोळीच्या लाकडाला कवंडळ हे रानफळ बांधतो आहे. पहिलीत कट तीन, दुसरीत एकच. तरीही वेगवान दुसरीच वाटते. कट मोजणाऱ्यांची इथेच फसगत होते. विषय कोणत्या चौकटीत दिसला, हे आधी मोजावे.

कॅप्शनचे तसेच. पहिलीत ‘चतुर्थीच्या माटोळीला लागणारी सगळी रानफळे कुठे मिळतात’ हे लांबलचक वाक्य तळाशी आहे, जिथे खात्याचे नाव आणि वर्णन त्याला झाकते. दुसरीत मधोमध ‘कवंडळ कुठे मिळते?’ एवढेच. आवाज बंद ठेवून पाहणाऱ्यालाही ते एका नजरेत वाचता येते.

देवनागरीला एक खास अडचण आहे, आणि ती फार जण तपासत नाहीत. एकेक अक्षर उमटवणारे कॅप्शन जोडाक्षर तोडते: ‘चतुर्थी’ उमटताना आधी ‘चतुर’ दिसते, मग रफार उडी मारून ‘थ’वर बसतो. शब्द अख्खा उमटवला की हे टळते. मजकुराचा चौकोन घट्ट असेल तर रफार आणि वेलांटीचे टोक छाटले जाते. मोठ्या केलेल्या चौकटीत ते लगेच दिसते.

यानंतर इन्स्टाग्रामच्या इनसाइट्समधला प्रेक्षक टिकल्याचा आलेख शेजारी ठेवावा. रेषा पहिल्या सेकंदातच कोसळली तर संशय आरंभीच्या चित्रावर. पहिला सेकंद टिकून पुढे घसरली तर हुकने, म्हणजे नजर खेचणाऱ्या आरंभाने, जे कबूल केले ते लगेच आले नाही, असे समजावे. रील पुन्हा पुन्हा पाहिली गेली तर सरासरी पाहण्याचा वेळ फुगतो, म्हणून तो एकटा आकडा पुरत नाही. हा आलेख फक्त खातेधारकाला दिसतो. दुसऱ्याच्या रीलच्या चौकटी मोजता येतात, पण प्रेक्षक कुठे गळले ते नाही.

वरच्या दोन रीलमध्ये चित्र, कट आणि कॅप्शन तिन्ही वेगळे आहेत. त्यामुळे दुसरी जास्त पाहिली गेली तरी श्रेय कशाचे, ते सांगता येणार नाही. निदान कॅप्शनचा वाटा कळायला कवंडळाचे चित्र आणि कट तसेच ठेवून त्यावर पहिलीचे लांब कॅप्शन घातलेली तिसरी रील करावी लागते.