क्रिप्टो व्यवहारांवरील कर : एक्स्चेंजच्या विवरणावरून आकारणी

क्रिप्टो व्यवहारांवरील कर : बिटकॉइन, ईथर, यूएसडीटी यांसारख्या आभासी डिजिटल मालमत्तेच्या विक्रीवर वा अदलाबदलीवर भारतात लागणारा आयकर एक्स्चेंजने दिलेल्या विवरणावरून काढण्याची पद्धत. विवरणात शेकडो खरेदी-विक्रीच्या ओळी, शुल्के आणि वॉलेटमध्ये केलेल्या रवानग्या एकत्र असतात. त्यांच्या शेवटी दिसणारा एकूण नफा किंवा तोटा म्हणजे करपात्र उत्पन्न नव्हे. कर प्रत्येक विक्रीचा स्वतंत्र हिशेब मागतो आणि त्यातल्या फक्त नफ्याच्या ओळी मोजतो. वर्षभरात एकूण तोटा झालेल्या माणसालाही कर भरावा लागतो तो याच कारणाने.

या नोंदीत आर्थिक वर्ष २०२४-२५ चा नियम धरला आहे. कलमांचे क्रमांक आयकर कायदा १९६१ मधले आहेत. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या आयकर कायदा २०२५ मध्ये ते बदलले.

नियम

वित्त कायदा २०२२ ने कलम ११५बीबीएच आणले. त्यानुसार आभासी मालमत्तेच्या हस्तांतरणातून झालेल्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के लागतात. उत्पन्न मोठे असल्यास अधिभार वेगळा. मालमत्ता किती दिवस बाळगली याने काही फरक पडत नाही. विक्रीच्या रकमेतून वजा होते ती फक्त खरेदी किंमत. विक्रीचे शुल्क, त्यावरील जीएसटी, नेटवर्क शुल्क, सॉफ्टवेअरची वर्गणी यांपैकी काहीही वजा होत नाही.

तोट्याची तरतूद सर्वांत कडक आहे. एका नाण्यातला तोटा दुसऱ्या नाण्यातल्या नफ्यातून वजा करता येत नाही, पगारातून किंवा शेअरच्या नफ्यातून तर नाहीच, आणि तो पुढच्या वर्षीही नेता येत नाही. सरकारने मार्च २०२२ मध्ये संसदेत दिलेल्या उत्तरात ही बाब स्पष्ट केली होती.

कलम १९४एस खाली १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेवर १ टक्का टीडीएस कापला जातो. एक्स्चेंजवर तो शुल्क आणि जीएसटी वगळून उरलेल्या रकमेवर कापतात. ही आगाऊ जमा झालेली कराची रक्कम असते, खर्च नव्हे. खात्यात टीडीएस कापून पैसे येतात, म्हणून पुष्कळ जण खात्यात आलेली रक्कम हीच विक्री किंमत धरतात. मग विक्री किंमतही कमी दाखवली जाते आणि त्याच टीडीएसची वजावट पुन्हा करातूनही घेतली जाते. विक्री किंमत नेहमी नग गुणिले दर एवढीच घ्यावी.

विवरण वापरण्याजोगे करणे

आधी वेळ तपासावी. अनेक एक्स्चेंजच्या फायलींत `Date(UTC)` असा रकाना असतो. भारतीय वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेपेक्षा साडेपाच तास पुढे आहे, त्यामुळे ३१ मार्चला फाइलमध्ये १८:३० किंवा त्यानंतर दिसणारा व्यवहार इथे १ एप्रिलचा असतो आणि तो पुढच्या आर्थिक वर्षात जातो. स्प्रेडशीटमध्ये शेजारी एक रकाना घालून वेळ बदलून घ्यावी:

```
=A2+TIME(5,30,0)
```

दुसरी अडचण आकड्यांची. काही फायलींत नग आणि चिन्ह एकत्र, म्हणजे `0.005ETH` असे छापलेले असते. स्प्रेडशीट त्याला मजकूर समजते आणि बेरजेत धरत नाही. बेरीज शून्य किंवा अगदीच कमी आली, तर बहुधा हेच झालेले असते. शिवाय एकच विक्री आदेश पाच-सहा तुकड्यांत पूर्ण होतो आणि प्रत्येक तुकड्याची वेगळी ओळ येते. आदेश क्रमांक, दिवस आणि दर एकच असतील तर त्या ओळी एकत्र करायला हरकत नाही. दर वेगळे असतील तर तशाच ठेवाव्यात.

मग शुल्क. खरेदीचे शुल्क रुपयांत कापले असेल तर त्याचा वेगळा रकाना ठेवावा. ते खरेदी किमतीत मिळवावे की नाही यावर करसल्लागारांत दोन मते आहेत, कारण या कलमात खरेदी किमतीची व्याख्या दिलेली नाही. न मिळवणे ही सावध बाजू, आणि खालच्या उदाहरणात तीच घेतली आहे. शुल्क नाण्यातच कापले असेल, म्हणजे ०.५० ईथर घेऊन हाती ०.४९९ आले असेल, तर पूर्ण रक्कम ०.४९९ वर टाकल्यास शुल्क नकळत खरेदी किमतीत शिरते. सावध हिशेबात ०.००१ ईथरची किंमत वेगळी काढावी.

एक हिशेब

पुढील आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत. एकाने १० एप्रिल २०२४ रोजी ०.५० ईथर २,८०,००० रुपये दराने घेतले (लॉट क) आणि ५ जून रोजी आणखी ०.५० ईथर ३,२०,००० रुपये दराने (लॉट ख). २० जूनला त्याने ०.२० ईथर स्वतःच्या वॉलेटमध्ये पाठवले; त्यासाठी ०.००५ ईथर शुल्क कापले गेले आणि त्या दिवशी दर २,९५,००० होता. नंतर तीन विक्री केल्या: १५ जुलैला ०.३० ईथर २,९०,००० दराने, १० सप्टेंबरला ०.१० ईथर २,००,००० दराने आणि १० डिसेंबरला ०.३० ईथर ३,१०,००० दराने.

आधी घेतलेले आधी विकले, ही पद्धत लावली तर ओळी अशा पडतात:

| तारीख | नग | लॉट | विक्री (रु.) | खरेदी (रु.) | फरक (रु.) | करपात्र (रु.) |
|---|---|---|---|---|---|---|
| २० जून (शुल्क) | ०.००५ | क | १,४७५ | १,४०० | ७५ | ७५ |
| १५ जुलै | ०.३० | क | ८७,००० | ८४,००० | ३,००० | ३,००० |
| १० सप्टेंबर | ०.१० | क | २०,००० | २८,००० | −८,००० | ० |
| १० डिसेंबर | ०.०९५ | क | २९,४५० | २६,६०० | २,८५० | २,८५० |
| १० डिसेंबर | ०.२०५ | ख | ६३,५५० | ६५,६०० | −२,०५० | ० |

शेवटचा रकाना एका सूत्राने भरतो (विक्री `D` मध्ये, खरेदी `E` मध्ये):

```
=MAX(0,D2-E2)
```

तीन विक्रींची बेरीज केली तर शुल्क न धरताही ४,२०० रुपये तोटा दिसतो, आणि एक्स्चेंजच्या पडद्यावर त्या माणसाला तोच दिसेल. करपात्र उत्पन्न मात्र ५,९२५ रुपये आहे. त्यावर ३० टक्के म्हणजे १,७७७.५०, उपकर ७१.१०, एकूण १,८४८.६० रुपये. विक्री एकूण दोन लाखांची, शुल्क ०.२ टक्के म्हणजे ४०० आणि त्यावरील जीएसटी ७२ रुपये वगळल्यास टीडीएस सुमारे १,९९५ रुपये कापला गेला असेल. म्हणजे दीडशेच्या आसपास रुपये परत मिळतील, पण आयकर विवरणपत्र भरले तरच.

डिसेंबरची विक्री दोन ओळींत फोडल्याने कर वाढला, हे लक्षात येईल. तो एकच आदेश म्हणून एकच हस्तांतरण धरला असता, तर ८०० रुपये नफा झाला असता आणि करपात्र उत्पन्न ३,८७५ रुपयांवर आले असते. परंतु विवरणपत्रातील `Schedule VDA` प्रत्येक ओळीला खरेदीची तारीख आणि विक्रीची तारीख विचारते. दोन तारखांना घेतलेला माल एका ओळीत बसत नाही, म्हणून लॉटप्रमाणे फोडणे हेच तपासणीत टिकणारे आहे.

सरासरी किमतीची पद्धत घेतली, तर चित्र आणखी बदलते. सरासरी दर ३,००,००० येतो, जुलैची विक्री तोट्यात जाते, डिसेंबरमध्ये ३,००० नफा उरतो आणि करपात्र उत्पन्न तेवढेच होते. कलम ११५बीबीएच कोणतीही पद्धत नेमून देत नाही. तरी सरासरीत खरेदीची तारीख हरवते, आणि दरवर्षी सोयीची पद्धत निवडणे तर मुळीच समर्थनीय नाही. एकदा घेतलेली पद्धत सर्व नाण्यांना आणि सर्व वर्षांना लावावी.

रवानगी आणि नेटवर्क शुल्क

स्वतःच्या वॉलेटमध्ये पाठवलेले ०.२० ईथर विकले गेलेले नाहीत. मालक तोच आहे, म्हणून त्यावर कर नाही. त्यांची मूळ तारीख आणि मूळ किंमत कायम राहते. चूक होते ती दोन ठिकाणी. करगणनेचे सॉफ्टवेअर बाहेर गेलेल्या नगांना विक्री समजते आणि नफा दाखवते. किंवा नाणी परत एक्स्चेंजवर आली की त्यांची खरेदी किंमत शून्य धरते, आणि मग पुढच्या विक्रीची सगळी रक्कम नफा ठरते. एखाद्या ओळीत नफा विक्री किमतीइतकाच दिसला, तर हेच घडलेले असते. यासाठी रवानगीचा व्यवहार क्रमांक (`TxID`) आणि दोन्ही टोकांचे पत्ते जपून ठेवावेत.

शुल्क म्हणून गेलेले ०.००५ ईथर मात्र हातातून कायमचे गेले. सेवेच्या बदल्यात नाणे दिले, तेव्हा ते हस्तांतरण झाले, असे कडक वाचन करून वर ७५ रुपये धरले आहेत. काही जण फक्त नग कमी करतात आणि नफा धरत नाहीत. यावर स्वतंत्र खुलासा झालेला नाही. पण दोन्ही वाचनांत एक गोष्ट समान आहे: त्या ०.००५ ची १,४०० रुपये खरेदी किंमत उरलेल्या ईथरवर चढवायची नाही. तसे केले तर न मिळणारी वजावट मागच्या दाराने घेतल्यासारखे होते.

यूएसडीटी देऊन दुसरे नाणे घेणे हीदेखील यूएसडीटीची विक्रीच असते. १,००० यूएसडीटी ९० रुपयांना घेतले आणि ते ९१ रुपयांचे असताना खर्चले, तर १,००० रुपये करपात्र झाले. नव्या नाण्याची खरेदी किंमत ९१,००० रुपये. ही ओळ विवरणात रुपयांत छापलेली नसते, म्हणून ती हमखास सुटते.

ताळा

प्रत्येक नाण्याचा नगांचा ताळा घ्यावा. आधीची शिल्लक, अधिक खरेदी आणि आवक, वजा विक्री, रवानगी आणि नाण्यातले शुल्क, यांचे उत्तर एक्स्चेंजच्या शिल्लकीशी जुळले पाहिजे. वरच्या उदाहरणात १.०० मधून रवानगी आणि शुल्काचे ०.२०५ आणि विक्रीचे ०.७० वजा करता एक्स्चेंजवर ०.०९५ उरतात. फरक पडला आणि तो नेमका एखाद्या शुल्काएवढा असला, तर चूक सापडलीच. फरक मोठा असेल, तर फाइल अर्धवट उतरली आहे का ते पाहावे. काही एक्स्चेंज एका वेळी ठरावीक काळाचेच विवरण देतात आणि मधला महिना गळतो.

टीडीएसची बेरीज आयकर खात्याच्या २६एएस या करजमा विवरणाशी आणि विक्रीची बेरीज वार्षिक माहिती विवरणाशी (एआयएस) ताडून पाहावी. सगळे जुळल्यावर उरलेल्या लॉटची यादी पुढच्या वर्षासाठी काढावी. या हिशेबात ती एकाच ओळीची आहे: लॉट ख, ५ जून २०२४, दर ३,२०,००० रुपये, ०.२९५ ईथर, त्यांपैकी ०.२० वॉलेटमध्ये आणि ०.०९५ एक्स्चेंजवर.