उद्गारचिन्हाला पैसे पडत नाहीत

एप्रिलचा तिसरा आठवडा आहे. देवगडच्या एका आंबा विक्रेत्याच्या फोनवर पुण्याहून अनोळखी नंबरचा मेसेज येतो: “नमस्कार. २ डझन हापूस मिळेल का? कोथरूडला घरपोच पाठवता का? ८ मेला घरी कार्य आहे, तोवर पिकायला हवेत.” मिनिटभरात उत्तर जातं:

“नमस्कार!! 🙏🙏 आपलं मनापासून स्वागत आहे!!! 😍😍 शंभर टक्के अस्सल देवगड हापूस मिळेल!!! 🥭🥭🥭💯 आजच बुक करा!! 🔥🔥”

मोजून पाहिलं तर यात दहा उद्गारचिन्हं आणि दहा इमोजी आहेत. गिऱ्हाइकाने तीन प्रश्न विचारले होते. दोन डझन मिळतील का, कोथरूडला येतील का, ८ मेपर्यंत पिकतील का, यातल्या एकाचंही उत्तर त्यात नाही. हा नमुना लेखासाठी रचलेला आहे, पण मार्च ते मे या काळात ज्यांनी चार ठिकाणी आंब्याची चौकशी केली असेल त्यांना तो ओळखीचा वाटेल. लिहिणाऱ्याच्या मनात खोट असतेच असं नाही, बहुतेकदा नसतेच. तरीही वाचणारा थोडा मागे सरतो. असं का होतं, ते आंब्याच्याच उदाहरणातून नीट समजतं.

हापूसमध्ये साका असतो. वरून फळ देखणं, रंग छान, वासही बरा. सुरी लावली की आत पांढरट, स्पंजासारखा, बेचव गर. फळ न कापता, नुसतं बघून साका ओळखता येत नाही. म्हणजे पैसे देताना गिऱ्हाइकाला जे सर्वात जास्त कळायला हवं, नेमकं तेच दिसत नसतं. बागेत प्रत्यक्ष गेलेल्या माणसाला “आंबो कसो?” असं विचारता येतं आणि समोरचा “खावन बघा” म्हणत फोड कापून हातावर ठेवतो. कापलेलं फळ विकता येत नाही, म्हणून त्या फोडीला वजन असतं. ज्याचा माल वाईट आहे त्याला ते परवडणार नाही.

अर्थशास्त्रात याला संकेत म्हणतात. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये मांडलेला आणि पुढे २००१ च्या नोबेलपर्यंत पोचलेला हा विचार आहे. जो संकेत देणं चांगल्याला झेपतं आणि लबाडाला महाग पडतं, त्यावरच समोरच्याने विसंबावं, असं त्याचं सार. उद्गारचिन्ह या कसोटीला उतरत नाही. ते चांगल्या बागायतदारालाही फुकट आणि भलताच आंबा ‘देवगड’ म्हणून खपवणाऱ्यालाही फुकट. दहा काढली तरी फुकटच. वाचणाऱ्याने हा सिद्धांत ऐकलेला नसतो, पण त्याचं मन हाच हिशेब करतं: एवढा जोर लावला, पण त्यात कबूल काय केलं?

दुसरं कारण भावनेच्या मापाचं आहे. भावना पटायला तिला कारण दिसावं लागतं. मराठी व्याकरणातली केवलप्रयोगी अव्ययं आठवा: अबब, अरेरे, शाब्बास, अहाहा. ती काहीतरी घडल्यावर तोंडातून निघतात. उद्गारचिन्हाचं मूळ कामही तेच आहे. (मोडीत लिहिणाऱ्यांचं या चिन्हावाचून कधी अडलं नाही. मराठीत विरामचिन्हं रुजवण्याचं श्रेय एकोणिसाव्या शतकातल्या मेजर कँडी यांना दिलं जातं.) पहिल्या मेसेजमध्ये अजून काहीच घडलेलं नसतं. नावही माहीत नसलेल्या माणसाने दोन डझन आंब्यांची चौकशी केली, एवढंच. त्यावर डोळ्यांत बदाम आलेले दोन चेहरे पाठवले की भावना आणि कारण यांचं माप जुळत नाही. न जुळलेलं माप ओढूनताणून आणल्यासारखं दिसतं.

ग्राहकसेवेतल्या भावनांवर अरिक चेशिन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग याच मुद्द्यावर आहेत. सेवा देणाऱ्याने भावना फार तीव्रपणे दाखवल्या, तर ग्राहकांना त्या प्रसंगाला न शोभणाऱ्या आणि कमी खऱ्या वाटल्या. परिणामी त्याच्यावरचा विश्वासही घटला. हसू चुकलं नव्हतं, त्याचं माप चुकलं होतं.

स्मायलीवरचा प्रयोग याहून बोलका आहे. एला ग्लिक्सन, चेशिन आणि खेर्बेन व्हान क्लेफ यांनी २०१७ मध्ये २९ देशांतल्या ५४९ जणांवरच्या प्रयोगमालेचे निष्कर्ष मांडले. अनोळखी माणसाकडून आलेला कामाचा ईमेल वाचून त्या माणसाबद्दल मत द्यायचं होतं. फोटोतला हसरा चेहरा माणसाला जिव्हाळ्याचा आणि कामात हुशार, दोन्ही ठरवत होता. मजकुरातल्या स्मायलीने मात्र जिव्हाळा वाढला नाही आणि कामातली हुशारी कमी वाटली. स्मायली असलेल्या ईमेलला लोकांनी उत्तरंही कमी तपशिलाची लिहिली. खरं हसू चेहऱ्यावर येतं, ते अगदी हवं तेव्हा आणता येत नाही. स्मायली मात्र बोटाने निवडावी लागते. हाच तो फुकट आणि महाग संकेतांमधला फरक.

मात्र हा निष्कर्ष कामाच्या, औपचारिक पत्रव्यवहारापुरता आहे. अनौपचारिक प्रसंगात स्मायलीने तसं नुकसान केलं नाही. उलट टोकालाही धोका आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅमटन विद्यापीठातल्या सेलिया क्लिन यांच्या गटाने २०१५ च्या अखेरीस दाखवलं की, मोबाइलवरच्या एका शब्दाच्या उत्तरापुढे पूर्णविराम दिला तर ते उत्तर कमी मनापासूनचं वाटतं. “ओके” आणि “ओके.” यांतला फरक कॉलेजातल्या मुलांना विचारा. तेव्हा शांत उत्तर म्हणजे कोरडं, तुटक उत्तर नव्हे. गिऱ्हाइकाला “हो. मिळेल.” एवढंच लिहिणारा विक्रेताही तेवढाच चुकतो. त्याच्याकडे जोर नाही, पण माहितीही नाही.

आता तेच उत्तर पुन्हा लिहू:

“नमस्कार. हो, २ डझनांचा बॉक्स मिळेल आणि कोथरूडला घरपोच येईल. ८ मेला खायचे असतील तर २८ एप्रिलला पाठवावा लागेल. फळ तयार पण कच्चं असेल. पेंढ्यात ठेवलं की साधारण आठ-दहा दिवसांत पिकतं. उष्मा जास्त असला तर एखाद-दोन दिवस आधीही पिकू शकतं. बाहेरून साका कळत नाही, म्हणून कापल्यावर निघाला तर फोटो पाठवा, तेवढ्या फळांचे पैसे परत करतो. दर उद्याची तोड बघून सकाळी ११ पर्यंत कळवतो, चालेल ना?”

हे उत्तर लांब आहे, पण त्यात फुकट काही नाही. नमस्कारानंतरच्या दोन वाक्यांत तिन्ही प्रश्नांची उत्तरं आहेत, तीही विचारलेल्या क्रमाने आणि गिऱ्हाइकाचेच शब्द वापरून: २ डझन, कोथरूड, ८ मे. मेसेज वाचला हे त्यावरून सिद्ध होतं. ठरावीक साच्यातल्या उत्तरात हे तपशील येऊ शकत नाहीत, म्हणून ते आपलेपणाचे वाटतात. २८ एप्रिल ही तारीख मागे मोजून काढलेली आहे. पिकायला जास्तीत जास्त दहा दिवस धरले की ८ मे येतो. हे गणित विक्रेत्याने केलं, गिऱ्हाइकावर सोडलं नाही.

साक्याबद्दलचं वाक्य उत्तराचा कणा आहे. विक्रेता स्वतःच्या मालाचा दोष न विचारता सांगतो आणि त्याची किंमत स्वतःवर घेतो. ज्याच्या पेटीत निम्मी फळं साक्याची निघतात तो हे लिहून दिवाळखोर होईल. म्हणूनच या ओळीचं काम 💯 कधी करू शकत नाही. ‘अस्सल’ या शब्दाचंही तसंच. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि त्याखाली बागायतदारांची नोंदणी होते. नोंदणी असेल तर तिचा क्रमांक द्यावा, तो पडताळता येतो. नसेल तर बाग कुठल्या गावात आहे ते लिहावं आणि ‘अस्सल’ गाळावं. (गंमत म्हणजे आंब्याचा इमोजीही युनिकोडमध्ये २०१८ सालीच आला. मानांकनासाठी नोंदणी लागते; इमोजी कुणालाही मिळतो.)

शेवटच्या वाक्यात वेळ दिली आहे आणि ती पाळली की नाही हे दुसऱ्याच दिवशी कळतं. ११ वाजता खरोखर मेसेज गेला, तर पहिल्या उत्तराचा खरेपणा तेव्हा ठरतो. म्हणून जमणारी वेळच लिहावी. “लगेच कळवतो” लिहून संध्याकाळ झाली, तर आधीचं सगळं वाया जातं. आणि “चालेल ना?” मधला ऊबदार सूर पाहा. मराठीत अशा सोयी पुष्कळ आहेत: ना, हां, बघा, अहो, या. “येवा, कोकण आपलाच असा” या वाक्यातलं अगत्य उद्गारचिन्हाशिवायही कानाला लागतंच.

एवढं करूनही एक जागा निसटते. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये Greeting message नावाची सोय असते. गिऱ्हाइकाने पहिल्यांदा मेसेज केला, किंवा १४ दिवस काही बोलणं नसताना पुन्हा केला, की हा मजकूर आपोआप जातो. म्हणजे कित्येकांचं पहिलं उत्तर माणूस लिहीतच नाही. “मागच्या मेमध्ये तुमच्याकडून घेतलेल्या पेटीत निम्म्या फळांना साका निघाला होता” असं कुणी लिहिलं, तरी त्याला 🥭😍 जातं, कारण यंत्र मजकूर वाचत नाही. तिथे प्रश्नाला किंवा तक्रारीला, दोघांनाही चालेल असंच लिहावं: “नमस्कार, मेसेज मिळाला. दुपारपर्यंत बागेत असतो. संध्याकाळी ७ च्या आत वाचून उत्तर देतो.” पिकण्याचे दिवस, साक्याचा नियम असा दरवेळी तोच लागणारा मजकूर Quick replies मध्ये ठेवावा. / दाबला की तो पुढे येतो. गिऱ्हाइकाची तारीख आणि ठिकाण मात्र हाताने घालावं.

इमोजी ठेवायचाच असेल तर एक, आणि मजकुराच्या शेवटी. दृष्टिहीन माणसाचा फोन मेसेज वाचून दाखवतो तेव्हा प्रत्येक इमोजीचं नाव उच्चारतो. वाक्याच्या मध्ये तीन आंबे आले की त्याला वाक्याचा धागा पुन्हा शोधावा लागतो.

८ मेच्या संध्याकाळी कोथरूडहून फोटो आला, ताटात केशरी फोडी आणि खाली “एकही साका नाही निघाला”, तर तेव्हा “वा! रंग काय सुरेख आलाय 🥭” लिहायला हरकत नाही.