नाकातून वाफ सोडणारा चेहरा (😤)

नाकातून वाफ सोडणारा चेहरा हे युनिकोड वर्णसंचातील U+1F624 या क्रमांकाचे भावचिन्ह आहे. मिटलेले डोळे, खाली उतरलेल्या भुवया, कोपऱ्यांशी खाली वळलेले ओठ आणि दोन्ही नाकपुड्यांतून सुटणारे पांढऱ्या वाफेचे झोत, अशी त्याची रूढ रेखाटणी आहे. ज्या जपानी चित्रपरंपरेतून ते आले तिथे हे झोत विजयाचा तोरा किंवा ईर्षा सुचवतात. जपानबाहेरचे बहुसंख्य वाचक मात्र त्यांतून संतापच वाचतात.

जपानी भाषेत नाकातून बाहेर पडणाऱ्या श्वासाला ‘हानाइकी’ असा स्वतंत्र शब्द आहे, आणि एखाद्याची हानाइकी ‘आराइ’, म्हणजे जोरकस, आहे असे म्हटले की तो माणूस हुरुपाने पेटलेला, काही करून दाखवायला सरसावलेला आहे असा अर्थ होतो. मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, हा वाक्प्रचार सरळ कागदावर उतरवते. स्पर्धा जिंकलेले किंवा पहिल्यांदाच स्वतः स्वयंपाक करून ताट पुढे ठेवणारे पात्र छाती काढून उभे राहते, डोळे मिटून घेते आणि नाकातून वाफेचे दोन लहान ढग सोडते. शेजारी ‘फुन्’ किंवा ‘मुफू’ असा ध्वनी लिहिलेला असतो. मिटलेले डोळे इथे महत्त्वाचे आहेत, कारण समोरच्यावर रोखलेली नजर त्या चित्रात नसते. पात्र आपल्याच पराक्रमाचा आस्वाद घेत असते.

वाफेला हा अर्थ घेता येतो, त्यामागे आणखी एक कारण आहे. मांगामध्ये रागासाठी वेगळी खूण आधीपासून रुळलेली आहे: कपाळावर तट्ट फुगलेल्या शिरांची चौफुलीसारखी आकृती. हीच खूण पुढे 💢 या स्वतंत्र भावचिन्हाच्या रूपाने युनिकोडमध्ये आली. राग दाखवण्याचे काम ती खूण करत असल्यामुळे नाकातली वाफ एकट्या रागाला बांधलेली राहत नाही. अर्थात जपानमध्येही हा चेहरा केवळ विजयाचा नाही. फणकारा किंवा तुच्छतेने नाक फेंदारणे यांसाठीही तो चालतो.

पाश्चात्त्य व्यंगचित्रांत अशी विभागणी नाही. तिथे नाकातून वाफ सोडतो तो मुसंडी मारायच्या बेतात असलेला बैल, आणि वाफ म्हणजे आत कोंडलेला, फुटू पाहणारा दाब. त्यात भुवया आणि ओठ हे रागाचे नेहमीचे आकार असल्याने, मांगाशी परिचय नसलेल्या वाचकाला दुसरा अर्थ सुचण्यासारखे चित्रात काहीच उरत नाही. राग नाकाच्या शेंड्यावर असतो असे म्हणणाऱ्या मराठी वाचकालाही हाच अर्थ जवळचा वाटतो.

हे चिन्ह जपानी मोबाइल कंपन्यांच्या संचांवर आधारलेल्या इतर भावचिन्हांबरोबर ऑक्टोबर २०१० मध्ये युनिकोड ६.० या आवृत्तीत आले, तेव्हा त्याला ‘फेस विथ लुक ऑफ ट्रायम्फ’, म्हणजे विजयी मुद्रेचा चेहरा, हे नाव मिळाले. पुढच्याच वर्षी आयफोनच्या आयओएस ५ या प्रणालीत भावचिन्हांचा कळफलक जपानबाहेरच्या ग्राहकांनाही सहज सुरू करता येऊ लागला. पण कळफलकावर दिसते ते चित्र. त्यामागचे नाव सहसा कोणी वाचत नाही. युनिकोडचा नियम असा की एकदा दिलेले अधिकृत नाव कधीच बदलायचे नाही. हा नियम इतका काटेकोर आहे की U+FE18 या वर्णाच्या नावात ‘ब्रॅकेट’ या शब्दाचे चुकलेले स्पेलिंगही तसेच ठेवले आहे. त्यामुळे ‘विजय’ अधिकृत नावात कायम राहिला, आणि वापरासाठीची वेगळी, बदलता येणारी नावे जिथे ठेवली जातात तिथे ‘नाकातून वाफ सोडणारा चेहरा’ या अर्थाचे नाव आले. भावनेबद्दल काहीही न सांगता फक्त दिसते ते सांगणारे हे नाव अधिक प्रामाणिक आहे. क्रमवारीत मात्र हे चिन्ह नकारात्मक चेहऱ्यांच्या गटात, 😡 आणि 😠 यांच्या शेजारी बसवले आहे, म्हणजे मांडणीचा कौल रागाकडेच आहे. जुन्या नावाची खूण गिटहबसारख्या, प्रोग्रॅमर आपले काम ठेवतात अशा संकेतस्थळांवर टिकून आहे: तिथे हा चेहरा आणायला `:triumph:` असेच टाइप करावे लागते.

परिणामी एकच संदेश दोन तऱ्हांनी पोहोचतो. जपानी मैत्रिणीने “अहवाल अखेर पूर्ण केला 😤” असे पाठवले, तर तिला बहुधा “केलाच की नाही!” असे म्हणायचे असते. पुण्यातला सहकारी ते वाचून, कामाच्या ओझ्याने ती वैतागली आहे असे समजून तिची समजूत काढू लागतो. अशा वेळी उलगडा चेहऱ्यावरून होत नाही, सोबतच्या खुणांवरून होतो: 💪 किंवा ✨ असेल तर अभिमान, 💢 असेल तर राग.

अलीकडे इंग्रजी बोलणाऱ्या क्रीडाप्रेमींत आणि व्यायाम करणाऱ्यांतही हा चेहरा जिद्दीने झुंजण्यासाठी, मैदान मारल्याच्या आवेशासाठी वापरला जातो. रागाचा अर्थ त्यामुळे मागे पडलेला नाही. दोन्ही अर्थ एकाच समाजात शेजारी शेजारी चालतात.