जर्नल प्रमाणित होणे आणि जर्नलला गुण मिळणे

विज्ञान शाखेच्या पदवी परीक्षेत प्रात्यक्षिकाचा दिवस जवळ आला, की विद्यार्थ्यांच्या बोलण्यात ‘जर्नल झाले का?’ हा एकच प्रश्न असतो. या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झालेल्या असतात. जर्नल प्रमाणित होणे म्हणजे परीक्षेला बसण्याची परवानगी मिळणे, आणि जर्नलला गुण मिळणे म्हणजे त्या परवानगीनंतर झालेल्या परीक्षेतील एका छोट्या भागाचे मूल्यमापन होणे. पहिली गोष्ट वर्ग शिकवणारे शिक्षक आणि विभागप्रमुख यांच्या हाती असते, तर दुसरीत विद्यापीठाने दुसऱ्या महाविद्यालयातून नेमलेले बाह्य परीक्षक सहभागी असतात.

प्रमाणपत्राचे पान जर्नलच्या सुरुवातीलाच असते. विद्यार्थ्याने त्या सत्रातील प्रात्यक्षिके समाधानकारकरीत्या पूर्ण केली आहेत, असे त्यावर लिहिलेले असून खाली शिक्षकांची आणि विभागप्रमुखांची सही व महाविद्यालयाचा शिक्का असतो. जर्नल सुंदर आहे किंवा त्यातील उत्तरे अचूक आहेत, असे हे पान म्हणत नाही. विद्यार्थी प्रयोगशाळेत आला, ठरलेले प्रयोग त्याने केले आणि ते लिहून वेळोवेळी तपासून घेतले, एवढेच ते सांगते. म्हणूनच अनुक्रमणिकेत प्रत्येक प्रयोगासमोर तारीख आणि सहीचा रकाना असतो. सगळ्या सह्या एकाच दिवशीच्या आणि एकाच पेनाच्या दिसल्या, तर जर्नल शेवटच्या आठवड्यात उतरवून काढले आहे हे अनुभवी परीक्षकाला पान उलटताच कळते.

या दोन गोष्टींतील फरक सर्वांत स्पष्ट दिसतो तो जर्नल हरवल्यावर. मुंबई विद्यापीठाच्या श्रेयांक पद्धतीतील भौतिकशास्त्राच्या अभ्यासक्रमात यासाठी तरतूद होती: जर्नल हरवलेल्या विद्यार्थ्याने प्रात्यक्षिके पूर्ण केल्याचे विभागप्रमुखांचे प्रमाणपत्र आणावे, त्याला परीक्षेला बसू द्यावे, मात्र जर्नलसाठी राखलेले गुण देऊ नयेत. प्रवेशाचा हक्क काम केल्यामुळे मिळतो आणि तो हक्क जर्नल हरवल्याने जात नाही. गुण मात्र समोर असलेल्या वहीला मिळतात, आणि वहीच नसेल तर तपासायचे काय? ही तरतूद मला अत्यंत न्याय्य वाटते. उलट बाजूने पाहिले, तर प्रमाणपत्र नसलेले जर्नल कितीही नेटके असले तरी त्याच्या बळावर परीक्षेला बसता येत नाही.

आता गुणांचा भाग. मुंबई विद्यापीठाच्या त्याच पद्धतीत ५० गुणांच्या प्रात्यक्षिकात प्रयोगाला ४०, जर्नलला ५ आणि तोंडी परीक्षेला ५ अशी विभागणी असे. नेमके आकडे विद्यापीठागणिक आणि अभ्यासक्रमागणिक बदलतात, पण प्रयोगाचा वाटा सर्वांत मोठा असतो. त्यामुळे सत्रभर सजवलेले जर्नल परीक्षेच्या दिवशी बिघडलेला प्रयोग सावरून घेऊ शकत नाही. मात्र जर्नलचा प्रभाव त्या ५ गुणांपुरताही राहत नाही, कारण व्हायव्हाचे प्रश्न बहुधा त्याच वहीतून निघतात. ते कसे, हे एका प्रयोगातून पाहू.

समजा, चिठ्ठीवर हायड्रोक्लोरिक आम्लाचे प्रमाण काढण्याचा प्रयोग आला. दिलेले द्रावण १०० मिलिलिटरपर्यंत विरल करायचे, त्यातले १० मिलिलिटर पिपेटने शंकुपात्रात घ्यायचे, फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब टाकायचे आणि ब्युरेटमधून ०.१ एन सोडियम हायड्रॉक्साइड सोडत राहायचे. फिकट गुलाबी रंग टिकला की थांबायचे. वाचने सुसंगत येऊन ९.८ मिलिलिटर हे स्थिर वाचन मिळाले, ज्याला प्रयोगशाळेत सगळे सीबीआर म्हणतात. मग १० मिलिलिटरमधील आम्ल ९.८ × ०.१ × ३६.५ म्हणजे ३५.७७ मिलिग्रॅम, आणि १०० मिलिलिटरमध्ये ते ०.३५७७ ग्रॅम. दिलेल्या द्रावणात आम्ल किती होते, हे परीक्षकांना आधीच माहीत असते. विद्यार्थ्याचे उत्तर त्यापासून किती दूर आहे, यावर प्रयोगाच्या गुणांचा मोठा भाग ठरतो. मधल्या काळात परीक्षक टेबलापाशी येऊन वाचनावर सही करतात; सही झालेला आकडा नंतर खोडला, तर त्याचे कारण सांगावे लागते.

याच प्रयोगाचे जर्नलमधील पान बाह्य परीक्षक उघडतात, आणि तिथे तिन्ही वाचने एकसारखी, अगदी दशांशासकट, दिसतात. यात गैर काहीच नसू शकते, पण मग प्रश्न येतो: ब्युरेट कशाने विसळलीत, पिपेट कशाने, आणि शंकुपात्र कशाने? ब्युरेट आणि पिपेट त्यांत भरायच्या द्रावणानेच विसळायची असतात, नाहीतर आत राहिलेल्या पाण्याने द्रावण विरल होते. शंकुपात्र मात्र फक्त पाण्याने, कारण ते आम्लाने विसळले तर मोजलेल्या १० मिलिलिटरखेरीज थोडे जास्तीचे आम्ल आत राहते आणि वाचन वाढते. ज्याने प्रयोग स्वतःच्या हाताने केला आहे, तो हे अडखळत का होईना सांगतो. ज्याने शेजाऱ्याचे पान उतरवले आहे, तो ‘सगळे डिस्टिल्ड वॉटरने’ असे एका दमात उत्तर देतो. पुढचा प्रश्न बहुधा असा असतो की, पात्र तसेच ठेवले तर गुलाबी रंग थोड्या वेळाने का जातो. हवेतील कार्बन डायऑक्साइड द्रावणात शोषला जातो, हे त्याचे उत्तर. आणि हेच कारण सोडियम हायड्रॉक्साइडचे द्रावण वापरण्यापूर्वी प्रमाणित का करावे लागते, याच्या उत्तरातही येते.

म्हणून शिक्षकाने लाल शाईने खूण करून दुरुस्त करून घेतलेले पान लपवण्याचे कारण नाही. तेथे १०.६ हे वाचन काट मारून पुन्हा घेतलेले असेल आणि ‘टोक ओलांडले’ अशी नोंद असेल, तर ते पान काम प्रत्यक्ष केल्याचा पुरावा ठरते. स्वच्छतेसाठी अशी पाने फाडून नव्याने लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांबद्दल मला खरोखर वाईट वाटते, कारण ते स्वतःच्या बाजूचा सर्वांत चांगला साक्षीदार घालवतात.

बाह्य परीक्षक हे गुण एकटे देत नाहीत. त्यांच्यासोबत त्याच महाविद्यालयाचे अंतर्गत परीक्षक असतात, आणि गुणपत्रकावर दोघांच्या सह्या होतात. परीक्षेच्या दिवशी बाह्य परीक्षक जर्नलवरही तारखेसह सही करतात, म्हणजे तीच वही पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाच्या नावाने समोर येत नाही.

जेथे अंतर्गत मूल्यमापन वेगळे असते, तेथे जर्नल आणखी एका ठिकाणी मोजले जाऊ शकते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९च्या अभ्यासक्रमात ५० गुणांपैकी १५ अंतर्गत आणि ३५ विद्यापीठ परीक्षेचे होते. वेळेवर लिहून तपासून घेतलेल्या प्रयोगांचा विचार शिक्षक सत्रभराच्या अंतर्गत गुणांत करू शकतात. ते गुण वर्गात ठरतात, आणि परीक्षेच्या दिवशी व्हायव्हा कितीही उत्तम झाली तरी बाह्य परीक्षकांना त्यात भर घालता येत नाही. तसेच ती बिघडली म्हणून त्यांतून काही कापताही येत नाही.