सातव्या प्रश्नाचं उत्तर चुकीचं होतं

मार्च संपत आला की मुंबईतल्या बहुतेक ऑफिसांत एचआरची लाल अक्षरांतली मेल येते: पॉशची क्विझ अजून बाकी आहे, शुक्रवारपर्यंत पूर्ण करा. पॉश म्हणजे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा. आमच्या लोअर परळच्या ऑफिसात त्या मेलपाठोपाठ व्हॉट्सॲपवर एक ओळ फिरली: ब, क, अ, अ, ड, ब, क, अ, ड, ब. दहा प्रश्न, पास व्हायला आठ बरोबर. मीही ती ओळ वापरली. पुढच्या आठवड्यात एचआरमधली बाई वैतागून म्हणाली, "सगळा मजला सातव्या प्रश्नात चुकलाय, आणि तोही एकाच पर्यायावर!"

ज्या कायद्यामुळे ही क्विझ आली, त्यात क्विझ हा शब्दच नाही. राजस्थानातल्या भटेरी गावात बालविवाह थांबवू पाहणाऱ्या साथिन, म्हणजे गावपातळीवरच्या सरकारी कार्यकर्त्या, भंवरीदेवींवर १९९२ मध्ये सामूहिक बलात्कार झाला. त्यानंतर काही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९९७ मध्ये विशाखा निकाल आला. कामाच्या ठिकाणचा लैंगिक छळ रोखायला न्यायालयानं मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली आणि कायदा होईपर्यंत हीच पाळा, असं सांगितलं. तो कायदा यायला २०१३ उजाडलं. त्याच्या १९व्या कलमात मालकाची कर्तव्यं आहेत, आणि त्यांत कर्मचाऱ्यांसाठी ठरावीक काळानं कार्यशाळा आणि जागृतीचे कार्यक्रम घ्यावेत असं म्हटलंय. म्हणजे माणसं समोरासमोर बसतील, विचारतील, अडखळतील, अशी काहीतरी कल्पना होती.

या कार्यशाळांची क्विझ होण्यामागे अमेरिकेचा हात आहे. २६ जून १९९८ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं एकाच दिवशी दोन निकाल दिले, फॅरागर आणि एलर्थ. साहेबानं केलेल्या छळाचं खापर कंपनीवर फुटतं, पण काही प्रकरणांत तिला बचाव मिळू शकतो: आम्ही छळ रोखायची वाजवी काळजी घेतली होती, आणि कर्मचाऱ्यानंच आम्ही दिलेली सोय विनाकारण वापरली नाही. दोन्ही गोष्टी दाखवाव्या लागतात. वकिलांनी यातून घ्यायचा तो धडा घेतला. प्रशिक्षण दिलं एवढं पुरत नाही, दिल्याचा कागद हवा.

तो कागद संगणकानं स्वस्त केला. ऑनलाइन कोर्ससाठी स्कॉर्म नावाचं मानक २००१ पासून रुळलं. त्याच्या १.२ आवृत्तीत कोर्स सर्व्हरला जे कळवतो, त्यातला कंपनीच्या कामाचा भाग साधारण एवढाच:

```
cmi.core.score.raw = 90
cmi.core.lesson_status = passed
cmi.core.session_time = 00:03:40
```

तिसरी ओळ खरं तर बोलकी आहे. चाळीस मिनिटांचा कोर्स चार मिनिटांच्या आत कसा झाला? पण अहवाल काढताना बहुधा दुसरीच ओळ पाहिली जाते.

ही हातचलाखी मोठ्या ठिकाणीही झाली. केपीएमजीच्या अमेरिकेतल्या ऑडिटरांनी अंतर्गत परीक्षांची उत्तरं एकमेकांना पाठवली. काहींनी तर परीक्षेच्या लिंकमधला एक आकडा बदलून पास होण्याची मर्यादाच खाली आणली, इतकी की चौथा हिस्साही उत्तरं बरोबर नसताना ते पास झाले. तिथल्या बाजार नियामकानं २०१९ मध्ये कंपनीला ५ कोटी डॉलरचा दंड केला. गंमत म्हणजे त्यातल्या काही परीक्षा आधीच्या ऑडिटमधल्या चुकांबद्दल नियामकानंच घ्यायला लावल्या होत्या.

आता आमच्या सातव्या प्रश्नाकडे येऊ. तक्रार किती दिवसांत करायची? ग्रुपवरचं उत्तर होतं, सहा महिने. कायदा सांगतो तीन महिने, शेवटच्या प्रसंगापासून. ऑफिसातली तक्रार समिती आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते, पण तक्रार करायला अडवणारी परिस्थिती होती असं तिला पटलं पाहिजे आणि ते लेखी नोंदवलं पाहिजे. आता समजा, त्या मजल्यावरच्या एखादीला रात्री कंपनीच्या कॅबमधून घरी जाताना टीम लीडरनं त्रास दिला. (कंपनीनं दिलेलं वाहनही कायद्यानं कामाचं ठिकाण धरलंय. हा बहुतेक चौथा प्रश्न होता, मला नक्की आठवत नाही.) सहा महिने आहेत म्हणून ती अप्रेझल उरकेपर्यंत थांबली आणि पाचव्या महिन्यात समितीपुढे गेली. आता तिला उशिराचं कारण द्यावं लागेल. "मला वाटलं सहा महिने असतात" हे अडवणाऱ्या परिस्थितीत बसतं का, यावर आधी वाद होईल, कॅबमध्ये काय झालं यावर नंतर. समोरची बाजू तिचं प्रमाणपत्र पुढे करील: ९० टक्के, उत्तीर्ण, हिला नियम माहीत होते.

आणि एचआरला सावध करण्याची क्विझची जी एक जागा होती, तीही गेली. प्रत्येकानं आपापल्या अकलेनं उत्तरं दिली असती, तर कोणता प्रश्न किती जणांना अडला हे दिसलं असतं. कॅबचा अडला असता तर ड्रायव्हरच्या सीटमागे समितीचा नंबर चिकटवता आला असता. मुदतीचा अडला असता तर एक साधी मेल पुरली असती. एचआरला दिसला तो फक्त कुणीतरी घाईत केलेल्या एका उत्तरपत्रिकेचा साचा, शंभरेक वेळा छापलेला.

यंदा प्रश्नांचा क्रम प्रत्येकाला वेगळा येतो. आता ग्रुपवर अक्षरं येत नाहीत, स्क्रीनशॉट येतात.