लूज टर्मिनल (मीटरपेटी व मेन स्विच)

घरात येणारी वायर मीटरमध्ये किंवा मेन स्विचमध्ये स्क्रूखाली दाबून जोडलेली असते. त्या जागेची, म्हणजे टर्मिनलची, पकड सैल झाली, की तेथे उष्णता निर्माण होते, बारीक गुणगुण ऐकू येते आणि काही दिवसांनी जळका वास येऊ लागतो. बोलीत याला ‘लूज कनेक्शन’ म्हणतात. हा दोष घरातील कोणत्याही बटणात किंवा प्लगमध्ये होऊ शकतो. परंतु मीटरपेटी व मेन स्विच येथे तो अधिक घातक ठरतो, कारण संपूर्ण घराचा विद्युत्‌प्रवाह त्या चार-सहा स्क्रूंमधूनच जातो.

वरून घट्ट दिसणाऱ्या जोडातही वायर आणि टर्मिनल यांचे पृष्ठभाग सर्वत्र एकमेकांना टेकत नाहीत. धातूचे काही बारीक उंचवटेच एकमेकांना भिडतात आणि सगळा प्रवाह त्यांच्यातून वाहतो. स्क्रूचा दाब कमी झाला, की हे संपर्कबिंदू घटतात आणि त्या जागेचा रोध वाढतो. रोधात निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. प्रवाह दुप्पट झाला, की उष्णता चौपट होते. तापलेल्या धातूवर ऑक्साइडचा थर चढतो आणि रोध आणखी वाढतो. भार चालू झाल्यावर तापणे व बंद झाल्यावर निवणे या रोजच्या फेऱ्यांत धातू प्रसरण-आकुंचन पावतो, त्यामुळे स्क्रूची पकड आणखी सुटत जाते. एकदा सुरू झालेला हा दोष आपोआप बरा होत नाही. मधूनच वास थांबला, तरी त्या वेळी भार कमी होता, एवढेच समजावे.

एमसीबी हा दोष ओळखत नाही. तिचे काम ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त प्रवाह वाहू लागल्यास पुरवठा तोडण्याचे आहे आणि सैल जोडात प्रवाह वाढत नाही. उलट वाढलेल्या रोधामुळे किंचित घटतोच. ईएलसीबी किंवा आरसीसीबी जमिनीकडे गळणारा प्रवाह ओळखते. येथे गळतीही नसते. त्यामुळे संरक्षणाची सर्व साधने ठीक असूनही पेटीतील प्लास्टिक वितळू शकते. ठिणगी ओळखणारी वेगळी साधने बाजारात आहेत, पण आपल्याकडच्या घरगुती पेट्यांत ती क्वचितच दिसतात.

साताऱ्यातील एखाद्या पेठेतले जुने घर उदाहरणादाखल घेऊ. हिवाळ्यातील सकाळ आहे. 2000 वॅटचा गीझर आणि 1500 वॅटची इंडक्शन शेगडी एकाच वेळी चालू आहे. 230 व्होल्टला गीझर सुमारे 8.7 अँपिअर व शेगडी सुमारे 6.5 अँपिअर घेते. फ्रिज व दिवे धरून एकूण प्रवाह 16 अँपिअरच्या आसपास जातो. मेन स्विच 32 अँपिअरचा आहे, म्हणजे भार त्याच्या निम्माच. पण फेजच्या वरच्या स्क्रूखालील पकड सैल होऊन तेथे 0.2 ओहम रोध तयार झाला आहे. या एका जागी 3.2 व्होल्टची घट होते आणि 51 वॅट उष्णता निर्माण होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या सोल्डरिंग आयर्नला जेवढी उष्णता लागते, साधारण तेवढीच येथे बोटाच्या पेराएवढ्या जागेत कोंडलेली असते. चांगल्या जोडाचा रोध याच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी असतो आणि त्याच प्रवाहाला तेथे वॅटचा काही अंशच उष्णता होते. दुपारी फक्त पंखा व एखादा दिवा चालू असताना प्रवाह अर्धा अँपिअर असेल, तर या खराब जोडातही 0.05 वॅटच उष्णता होते. म्हणून दुपारी आलेल्या वायरमनला पेटी थंड लागते आणि ‘काही नाही, सगळं ठीक आहे’ असे तो सांगून जातो.

तपासणी म्हणूनच भार चालू ठेवून करावी लागते. गीझर सुरू ठेवून वायरचे उघडे तांबे आणि टर्मिनलचा धातू यांच्यात मल्टिमीटरने व्होल्ट मोजतात. चांगल्या जोडात आकडा जवळजवळ शून्य येतो, खराब जोडात तो एक-दोन व्होल्टपर्यंत किंवा त्याहून वर जातो. वीज बंद करून साध्या मल्टिमीटरने ओहम मोजल्यास इतका लहान रोध नीट कळत नाही, आणि निऑन टेस्टर तर जळक्या टर्मिनलवरही छान उजळतो. चालू विजेवरचे हे मोजमाप परवानाधारक वायरमनचेच काम आहे. घरच्या माणसाला दुरून कळण्याजोगी खूण म्हणजे पेटीवरील रंग: फेज व न्यूट्रल यांच्या दोन बाजूंपैकी एकाच बाजूचे प्लास्टिक पिवळे-तपकिरी पडलेले असणे, किंवा एकाच वायरचे आवरण स्क्रूजवळ कडक, काळपट व चिरलेले दिसणे. ओव्हरलोडमध्ये वायर सर्व लांबीभर तापते. लूज टर्मिनलमध्ये ती जोडाजवळ सर्वांत जास्त तापते आणि तेथून दूर जावे तसे आवरण पुन्हा मूळ रंगाचे दिसू लागते.

आवाज येतो तो सूक्ष्म ठिणग्यांचा. आपल्या विजेची वारंवारता 50 हर्ट्‌झ असल्याने सेकंदाला शंभर वेळा प्रवाह शून्यावर येतो आणि सैल संपर्कात प्रत्येक वेळी ठिणगी विझून पुन्हा पेटू शकते. त्यातून गुणगुण किंवा चरचर ऐकू येते. दिवेही मधूनमधून लुकलुकतात, विशेषतः गीझर किंवा पाण्याची मोटर सुरू होताना. वास मात्र एकसारखा नसतो. पीव्हीसी आवरण तापले, की नाकाला झोंबणारा आंबूस वास येतो. काही प्रकारच्या स्विचचे व सॉकेटचे साचेबंद प्लास्टिक तापले, की खराब मासळीसारखा वास येतो. घरात कोणी मासे आणलेले नसताना मीटरच्या कोपऱ्यातून असा वास येत असेल, तर स्वयंपाकघरात शोधत बसण्यात अर्थ नाही.

या दोषावर सर्रास होणारा चुकीचा उपाय निराळा उल्लेख करण्याजोगा आहे. एमसीबीच्या आत तापल्यावर वाकणारी धातूची पट्टी असते. एमसीबीच्याच टर्मिनलवरील सैल जोडाची उष्णता त्या पट्टीपर्यंत पोहोचते आणि भार कमी असूनही एमसीबी वारंवार पडते. ‘एमसीबी कमजोर आहे’ असे समजून 32 च्या जागी 63 अँपिअरची बसवली जाते. जुन्या कटआउटमध्ये याच कारणाने फ्यूजची तार सारखी जाते आणि तेथे जाड तार किंवा चक्क तांब्याच्या दोन-तीन लडी गुंडाळल्या जातात. जोड तसाच तापत राहतो आणि तो तापल्याची ही सूचनाही बंद होते.

वास किंवा धूर जाणवल्यास आधी गीझर, शेगडी, मोटर ही जड उपकरणे त्यांच्या स्वतःच्या बटणाने बंद करावीत. भार उतरला, की उष्णता लगेच घटते. भरल्या भारावर जळका मेन स्विच ओढल्यास आत मोठी ठिणगी पडू शकते. मेन स्विच बंद झाल्यावरही त्याच्या वरच्या, म्हणजे मीटरकडून येणाऱ्या बाजूला वीज असतेच. फेजचा वरचा स्क्रू आवळायला पेचकस लावताना अनेकांचा नेमका याच बाबतीत गैरसमज असतो. ज्वाळा दिसल्यास पाणी टाकू नये.

दुरुस्ती म्हणजे नुसते स्क्रू आवळणे नव्हे. मागचा पुरवठा खांबावरून किंवा मीटरच्या आधी तोडून घेतल्यावर वायर बाहेर काढतात आणि काळवंडलेला भाग चकचकीत तांबे दिसेपर्यंत मागे कापून टाकतात. तापून नरम पडलेले, ऑक्साइड चढलेले टोक पुन्हा दाबले, तर काही महिन्यांत तीच गत होते. वायर कापल्यावर लांबी पुरत नसल्यास पेटीत जोड देण्याऐवजी पूर्ण तुकडा बदलणे बरे. टोक सोलताना दोन चुका होतात: आवरण स्क्रूखाली जाते, किंवा वायर भोकात मावत नाही म्हणून काही तारा कापल्या जातात. पुष्कळ तारांच्या वायरीला योग्य मापाचे थिंबल, म्हणजे टोकावर चढणारी धातूची नळी, दाबून बसवावे. टोकाला डाग देऊन कडक करण्याची जुनी पद्धत येथे वाईट, कारण कथिल-शिशाचा मऊ धातू दाबाखाली हळूहळू सरकतो व स्क्रू पुन्हा ढिला पडतो. ज्या मेन स्विचचे टर्मिनल निळे-काळे झाले आहे किंवा ज्याचे प्लास्टिक फुगले आहे, तो बदलावाच लागतो. घासून साफ केलेला स्विच तात्पुरता चालतो, एवढेच.

दोष सील केलेल्या मीटरच्या टर्मिनलमध्ये असेल, तर काम महावितरणचे. खाजगी वायरमनने सील तोडू नये. मीटरशी छेडछाड हा विद्युत अधिनियम 2003 च्या कलम 138 खाली गुन्हा आहे. 1912 या क्रमांकावर तक्रार देताना ‘लाइट लुकलुकते’ म्हणण्यापेक्षा ‘मीटरच्या टर्मिनलमधून जळका वास व आवाज येतो’ असे सांगून तक्रार क्रमांक घ्यावा. मीटरच्या पुढचा मेन स्विच व त्याची वायर ही ग्राहकाची जबाबदारी.

तीन फेजच्या जोडणीत न्यूट्रलचा स्क्रू सैल होणे हा याच दोषाचा सर्वांत महागडा प्रकार. न्यूट्रल पूर्ण सुटला, की कमी भाराच्या फेजवरील व्होल्टेज 230 वरून 400 च्या दिशेने चढते. एका खोलीतील दिवे मंद व दुसऱ्या खोलीतील डोळे दिपवतील असे प्रखर दिसू लागले, तर लगेच मेन बंद करावा. टीव्ही, फ्रिज व चार्जर काही क्षणांत जळतात.

खांबावरून मीटरपर्यंत येणारी सर्व्हिस वायर बहुधा ॲल्युमिनिअमची असते आणि तिची अडचण दुहेरी आहे. या धातूवर हवेत क्षणात वीज वाहू न देणारा ऑक्साइड चढतो, आणि स्क्रूखाली हा धातू दाबाने हळूहळू पसरतो. म्हणून टोक तारेच्या ब्रशने घासून त्यावर ऑक्साइडरोधक ग्रीस लावतात व जोड काही आठवड्यांनी पुन्हा तपासतात. महाबळेश्वर, जावळीच्या दमट पावसात तांबे व ॲल्युमिनिअम थेट भिडलेल्या जोडाला गंज लवकर धरतो. तेथे दोन्ही धातूंना चालणारे बायमेटॅलिक थिंबल लागते. सांगलीत 2019 व 2021 च्या कृष्णेच्या पुरात भिंतीवरील मीटरपेट्या पाण्याखाली गेल्या होत्या. अशा पेटीतील गाळ वरून पुसला, तरी स्क्रूच्या आट्यांत व तारांच्या मधल्या फटींत ओल शिल्लक राहते आणि वरवर सुकलेली पेटी त्यानंतरच्या हिवाळ्यात, गीझर सुरू झाल्यावर, तापू लागते. पुरात बुडालेला मेन स्विच व एमसीबी वाळवून पुन्हा वापरू नयेत. वायरीची भिजलेली टोके मागे कापून नव्या टर्मिनलमध्ये बसवावीत.