आंतरविभागीय समितीचा प्रस्ताव परत का येतो: कार्यकक्षा लिहिताना अडणाऱ्या जागा

समिती नेमण्याचा प्रस्ताव छाननीतून परत आला की विभागाला वाटतं, समितीची गरजच पटली नाही. तसं फार क्वचित होतं. छाननीच्या टेबलावर माझी बरीच वर्षं गेली आहेत. परत गेलेल्या बहुतेक प्रस्तावांत गरज नीट मांडलेली असायची, पण सोबत जोडलेला कार्यकक्षेचा मसुदा कच्चा असायचा.

ज्या विभागाकडे मूळ विषय आहे, त्यानेच प्रस्ताव पाठवायचा. काम त्या विभागाच्या स्वतःच्या अधिकारात होण्यासारखं असेल तर समिती मागू नये. दुसऱ्या विभागाची माणसं, पैसा किंवा परवानगी लागत असेल तरच प्रस्ताव टिकतो, आणि नेमकं काय लागतं ते टिप्पणीच्या पहिल्याच परिच्छेदात यायला हवं.

कागद मोजकेच लागतात: टिप्पणी, कार्यकक्षेचा मसुदा, खर्च असल्यास वित्त विभागाचे अभिप्राय आणि सहभागी विभागांची संमतीपत्रं. त्यातलं संमतीपत्र जवळजवळ कोणाकडेच नसतं. त्याऐवजी एखाद्या बैठकीचं इतिवृत्त जोडलेलं असतं आणि त्यात ‘सर्व विभागांनी सहमती दर्शवली’ एवढं एक वाक्य. ते चालत नाही, कारण त्या बैठकीला आलेल्या अधिकाऱ्याला विभागाला बांधून घेण्याचा अधिकार होता का, हे त्यावरून कळत नाही. विभागप्रमुखाच्या सहीच्या पत्रात तीन गोष्टी हव्यात: सदस्य म्हणून कोणतं पद असेल, त्याच्या जागी कोणतं पद बसेल आणि त्या दोघांनी बैठकीत दिलेला शब्द विभाग पाळेल का. व्यक्तीचं नाव घालू नका. बदली झाली की नावाचा आदेश निरुपयोगी होतो, पदाचा चालू राहतो. या पत्राचा नमुना बहुतेक ठिकाणी कुठेच लावलेला नसतो आणि तरी ‘योग्य नमुन्यात नाही’ असा शेरा मारून ते परत पाठवलं जातं. हा अर्जदारावर अन्याय आहे. नमुना देणं छाननी करणाऱ्यांचं काम आहे. तो मिळेपर्यंत या तीन गोष्टी लिहून पाठवा, शेऱ्याला उत्तर देता येतं.

अधिकारकक्षेच्या कलमात क्रियापद तपासा. ‘समन्वय साधणे’, ‘आढावा घेणे’, ‘चालना देणे’ यांतून समितीनं शेवटी काय हातात द्यायचं ते कळत नाही. शिफारस करायची की निर्णय घ्यायचा, हे एका वाक्यात लिहा. निर्णय घ्यायचा असेल तर तो अधिकार समितीकडे कोणी सोपवला, त्या आदेशाचा क्रमांक द्या. समिती नेमणाऱ्याकडे जो अधिकार नाही, तो समितीला मिळू शकत नाही. असा आदेश नसेल तर ‘शिफारस’ लिहा. प्रस्ताव लवकर सुटतो.

सर्वांत जास्त नुकसान गणपूर्तीच्या कलमात होतं, कारण ती चूक छाननीत सुटते आणि पहिल्या वादाच्या वेळी वर येते. माझ्याच हातून सुटलेलं एक प्रकरण सांगते. ६ विभागांच्या जुन्या नोंदी एका ठिकाणी ठेवण्यासाठी समिती होती. ९ सदस्य, २ कायम निमंत्रित. मसुद्यात वाक्य होतं: ‘गणपूर्ती निम्म्या सदस्यांची राहील.’ मी त्यावर बरोबरची खूण केली.

दुसऱ्या बैठकीत नोंदी कोणत्या विभागाच्या ताब्यात राहणार हे ठरलं. हजेरीपत्रकावर ६ सह्या होत्या. ज्या विभागाला निर्णय मान्य नव्हता, त्यानं त्या सह्या एकेक करून तपासल्या. एक सही निमंत्रिताची होती. दुसरी एका कनिष्ठ अधिकाऱ्याची, ज्याला साहेबांनी तोंडी पाठवलं होतं, पत्र नव्हतं. उरले ४. आता ९ चे निम्मे साडेचार, म्हणजे ५ हवेत, असं त्या विभागाचं म्हणणं. सदस्य सचिव म्हणाले, एक पद रिक्त आहे, म्हणजे सदस्य ८ आणि निम्मे ४, तेव्हा गणपूर्ती आहे. दोघांचं वाचन मसुद्यात बसत होतं. प्रकरण वर गेलं, निर्णय रद्द झाला आणि नोंदींचे गठ्ठे पुढचे कित्येक महिने जुन्याच खोल्यांत पडून राहिले.

त्यानंतर मी हे कलम असं लिहायला सांगते:

‘मताधिकार असलेल्या ९ मंजूर पदांपैकी किमान ५ सदस्य उपस्थित असल्यास गणपूर्ती होईल. रिक्त पदांमुळे ही संख्या कमी होणार नाही. निमंत्रित मोजले जाणार नाहीत. संमतीपत्रात नमूद केलेला पर्यायी प्रतिनिधी सदस्य म्हणून मोजला जाईल. प्रत्येक निर्णयाच्या वेळी गणपूर्ती असणे आवश्यक राहील.’

शेवटचं वाक्य गाळू नका. सुरुवातीला ५ असतात, तिसऱ्या विषयापर्यंत २ उठून गेलेले असतात आणि इतिवृत्तात सगळे हजर दिसतात. सदस्य सचिवांना मत आहे की नाही तेही सदस्यांच्या यादीतच लिहा, नाहीतर ते ९ मध्ये धरायचे की नाही यावरून पुन्हा तोच वाद.

पुष्कळ विभाग यात एक अट वाढवतात: वित्त विभागाचा सदस्य असल्याशिवाय गणपूर्ती नाही. पैशाचा विषय असेल तर ती रास्त आहे, पण मग तो सदस्य गैरहजर राहून कोणतीही बैठक थांबवू शकतो. म्हणून अट खर्चाच्या विषयांपुरतीच ठेवा आणि तहकूब बैठकीची तरतूद जोडा: ७ दिवसांनी त्याच विषयपत्रिकेवर बैठक, सूचना लेखी, त्या वेळी सदस्य आला नाही तर वित्त विभागाचा लेखी अभिप्राय मागवून पुढे जायचं. किमान ५ ची संख्या मात्र तहकूब बैठकीलाही सोडू नका.

अहवाल कोणाला द्यायचा, तिथे एकच पद लिहा. दोन पदं लिहिली की दोघंही एकमेकांच्या अभिप्रायाची वाट पाहतात. इतरांना माहितीसाठी प्रत पाठवता येते. अहवालावर किती दिवसांत उत्तर यावं आणि न आल्यास विषय कोणासमोर जाईल, हेही त्याच कलमात घाला.

मुदतीचं कलम सर्वांत जास्त चुकीचं वाचलं जातं. ‘३ महिन्यांत अहवाल’ असं लिहिलं की सदस्य पहिल्या बैठकीपासून मोजतात. छाननीत आणि लेखापरीक्षणात मात्र, वेगळं काही लिहिलेलं नसेल तर, आदेशाच्या तारखेपासून मोजलं जातं. नामनिर्देशनं गोळा होण्यातच ५ आठवडे गेले तर सदस्यांना ३ महिने हातात आहेत असं वाटत असतं, प्रत्यक्षात २ महिन्यांहून कमी उरलेले असतात. म्हणून मोजणी कुठून सुरू होते ते लिहा आणि शक्यतो शेवटची तारीखच घाला. मुदतवाढीचा प्रस्ताव मुदत संपण्याआधी पाठवा. एक दिवस उशीर झाला तरी मधल्या काळातल्या बैठकांना कार्योत्तर मंजुरी मागावी लागते, आणि ती फाइल नव्या प्रस्तावासारखी पुन्हा पहिल्या टेबलापासून फिरते.